चॅनल चोरीला गेल्यावरचे पहिले तास: महाराष्ट्र सायबरला खुलं पत्र

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
महाराष्ट्र सायबर,
महापे, नवी मुंबई

महोदय,

२० सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब चॅनलवर खटल्याच्या सुनावणीऐवजी एक्सआरपी नावाच्या आभासी चलनाची जाहिरात झळकली. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत मुंबईच्या रणवीर अलाहबादियाचे दोन चॅनल गेले. नाव बदलून टेस्लाचं झालं, जुने व्हिडिओ दिसेनासे झाले. त्याआधी जून २०२३ मध्ये बरखा दत्त यांच्या मोजो स्टोरीवरचे हजारो व्हिडिओ उडाले होते आणि त्यांनी थेट यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांना जाहीर हाक मारली होती. हे सगळे चॅनल थोड्याच दिवसांत परत आले. सर्वोच्च न्यायालयाचा फोन कोण उचलणार नाही? आणि ज्याचे लाखो प्रेक्षक आहेत त्याची ओरड कंपनीपर्यंत आपोआप पोचते.

मी वाशीत व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो. माझी गिऱ्हाइकं यांतली नाहीत. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत कुणाचा आगरी-कोळी गाण्यांचा चॅनल आहे, कुणाचा दहावीच्या गणिताचा, कुणाचा नुसता स्वयंपाकाचा. चॅनल गेला की ही माणसं पहिल्यांदा १९३० हा नंबर फिरवतात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जातात, म्हणजे तुमच्याच यंत्रणेकडे येतात. अडचण अशी की १९३०ची सगळी रचना पैसे अडवण्यासाठी आहे. व्यवहाराचा क्रमांक सांगा, बँक सांगा, वेळ सांगा, म्हणजे पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते. चॅनल गेलेल्या माणसाकडे यांतलं काहीच नसतं. त्याच्या खात्यातून एक रुपयाही गेलेला नसतो, तरी दुकान लुटलेलं असतं. म्हणून हे पत्र. अशा तक्रारदाराला पहिल्या तासात काय सांगायचं आणि त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं, याचा एक कागद तुमच्या कार्यालयानं काढावा, एवढीच मागणी आहे. त्या कागदात काय असावं ते खाली मांडतो.

आधी चोरी कशी होते ते पाहू, कारण उपायांचा क्रम त्यावरच ठरतो. ‘माझा पासवर्ड कुणी ओळखला’ असं बहुतेकांना वाटतं. यूट्यूबवरच्या या टेस्ला-क्रिप्टो चोऱ्यांमध्ये पासवर्डची गरज सहसा पडतच नाही. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक कुकी जपून ठेवतो. हा माणूस आत आलेला आहे, याला पुन्हा विचारू नका, एवढंच ती कुकी गूगलला सांगत असते. ती फाइल उचलून चोरानं स्वतःच्या संगणकात घातली की तो आत. ओटीपी मागितला जात नाही, कारण गूगलच्या लेखी नवं लॉगिन झालेलंच नसतं. गूगलच्या धोका-विश्लेषण गटानं ऑक्टोबर २०२१ मध्ये याच पद्धतीवर अहवाल काढला होता. स्पॉन्सरशिपचं आमिष दाखवणारी मेल, तिच्यासोबत खोटं सॉफ्टवेअर, त्यातून कुकीची चोरी, आणि मग चॅनलची विक्री. चॅनल तीन डॉलरपासून चार हजार डॉलरपर्यंत विकले जात होते, असं त्यात नोंदवलेलं आहे.

मार्च २०२३ मध्ये कॅनडाच्या लायनस टेक टिप्स या दीड कोटी सबस्क्रायबर असलेल्या चॅनलचं हेच झालं. दिवसरात्र संगणकाविषयीच बोलणारी ही मंडळी. त्यांच्याच एका कर्मचाऱ्यानं स्पॉन्सरकडून आलेला प्रस्ताव समजून एक फाइल उघडली. मालक मध्यरात्री उठून पासवर्ड बदलत राहिला आणि चोर तरीही लाइव्ह करत राहिला. त्यातून मला पटलेली गोष्ट अशी की पहिल्या तासात घाई करण्यापेक्षा कुठली कृती आधी आणि कुठली नंतर, हे ठाऊक असणं जास्त उपयोगाचं.

आता एक उदाहरण धरून चालू. समजा, सानपाड्यातल्या एका ताईंचा आगरी पदार्थांचा चॅनल आहे. शूटिंग त्या फोनवर करतात, एडिटिंग भाचा घरातल्या विंडोज लॅपटॉपवर करतो आणि त्या लॅपटॉपवर ताईंचं गूगल खातं कायम उघडं असतं. एका मिक्सर कंपनीच्या नावानं मेल येते: तुमचे व्हिडिओ आवडले, करार सोबत जोडला आहे, पासवर्ड मेलमध्येच दिलाय. पासवर्ड लावलेली झिप फाइल मेलच्या तपासणीत आतून वाचता येत नाही, म्हणून चोराला ती प्रिय. आत `Agreement.pdf.scr` अशी फाइल असते. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेवटचं आडनाव मुळात लपवतं, त्यामुळे भाच्याला दिसतं फक्त `Agreement.pdf`, वर पीडीएफचं चित्रसुद्धा. तो दोनदा क्लिक करतो आणि काहीच उघडत नाही. करार उघडायला हवा होता आणि उघडला नाही, ही खूण आहे. पण ‘फाइल खराब असेल’ म्हणून तो झोपतो. अशी फाइल कधीकधी शेकडो एमबीची फुगवलेली असते, कारण फार मोठ्या फाइली अँटिव्हायरस सहसा तपासत नाही. दोन पानांचा करार आणि वजन सातशे एमबी, ही दुसरी खूण.

रात्री ताईंच्या फोनवर गूगलचा सुरक्षेचा इशारा येतो. थोड्या वेळानं मामेबहिणीचा फोन: ‘अगं, तुझ्या चॅनलवर तो इलॉन मस्क काय बोलतोय?’

इथे नव्वद टक्के माणसं काय करतील ते मी सांगतो (टक्केवारी माझ्या अंदाजाची): तोच लॅपटॉप उघडून पासवर्ड बदलतील. चोराचं सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपमध्ये बसलेलं असेल, तर नव्या पासवर्डनं तयार झालेली नवी कुकीही त्याच्याकडेच जाणार. म्हणून पहिलं काम, लॅपटॉपचं वायफाय तोडणं. तो फॉरमॅट करायचा नाही, त्यातली ती मेल आणि फाइल पुसायचीही नाही. नुसता इंटरनेटपासून तोडून बाजूला ठेवायचा. त्या फाइलीची गरज पुढे तुम्हाला लागणार आहे.

दुसरं काम ताईंच्या फोनवरून, शक्यतो मोबाइल डेटावर. चोराचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी लिहिलेलं असल्यामुळे फोन सहसा स्वच्छ असतो आणि गूगल त्याला ओळखतही असतं. फोनवर गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन पासवर्ड बदलायचा. त्यानं बाकीची बहुतेक लॉगिन तुटतात, पण सगळीच तुटतील असं गृहीत धरायचं नाही. ‘तुमची डिव्हाइसेस’ या यादीत जाऊन हातातला फोन सोडून प्रत्येक डिव्हाइस एकेक करून साइन आउट करायचं. लायनसच्या प्रकरणातला धडा तोच होता: पासवर्ड बदलणं आणि आत बसलेल्याला बाहेर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत.

तिसरं काम, चोरानं मागे ठेवलेली दारं शोधणं. रिकव्हरीचा फोन आणि ईमेल बदललाय का? दोन-टप्पी पडताळणीत अनोळखी नंबर किंवा नवी पासकी आलीय का? कुठल्या बाहेरच्या अॅपला खात्याची परवानगी दिली गेलीय का? आणि जे हमखास विसरलं जातं ते जीमेलचं फिल्टर. चोर असा नियम लावून ठेवतो की यूट्यूबकडून आलेली प्रत्येक मेल सरळ कचरापेटीत जावी किंवा दुसऱ्या पत्त्यावर जावी. ताई आठवडाभर यूट्यूबच्या उत्तराची वाट पाहत बसतात आणि उत्तर आलेलं असतं. हे फिल्टर जीमेलच्या मोबाइल अॅपमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी स्वच्छ संगणकाच्या ब्राउझरमध्ये बघावं लागतं.

एवढं झाल्यावर यूट्यूब स्टुडिओ. तिथेही आधी परवानग्यांच्या पानावर जाऊन अनोळखी माणूस काढायचा आणि मग ते लाइव्ह बंद करायचं. उलटं केलं तर तो पुन्हा सुरू करतो. लाइव्ह बंद करण्याआधी दुसऱ्या फोनवरून स्क्रीनशॉट घ्यायचे, आणि ते घेताना चॅनलचं बदललेलं नाव, वेळ आणि पडद्यावरचा क्यूआर कोड किंवा वेबसाइटचा पत्ता येईल असे घ्यायचे. या चोरीत पैसा प्रेक्षकांचा जातो आणि तो त्या क्यूआरमागच्या पाकिटात जातो. चोराच्या पैशाचा माग लावायला तुमच्या तपास अधिकाऱ्याला तेवढाच धागा असतो. मी पाहिलेल्या तक्रारींना मस्कच्या चेहऱ्याचा फोटो जोडलेला असतो, क्यूआर नेमका कापलेला.

हे सगळं ताईंचा पासवर्ड चालत असेल तर. चालत नसेल, तर काय गेलंय हे आधी ओळखायला हवं, कारण इथे दोन वेगळे रस्ते फुटतात आणि लोक चुकीच्या रस्त्यावर दिवसेंदिवस घालवतात.

पहिली शक्यता, गूगल खातंच गेलं. मग यूट्यूबला लिहून काही होत नाही. आधी `g.co/recover` वरून खातं परत मिळवावं लागतं. तिथं कागदपत्रं मागत नाहीत. तिथं यंत्र एवढंच तपासतं की समोरचा माणूस रोजच्यासारखा वागतोय का. म्हणून ताईंनी आपल्याच फोनवरून, आपल्याच घरात बसून, नेहमीच्या ब्राउझरमध्ये प्रयत्न करायचा आणि आठवेल तो सर्वांत अलीकडचा पासवर्ड द्यायचा. पुण्याचा भाऊ, विरारचा भाचा आणि दुबईचे जावई एकाच वेळी प्रयत्न करायला लागले, तर गूगलच्या नजरेत तेही चोरांच्याच रांगेत. चोरानं रिकव्हरीचा नंबर बदलला असला तरी सहसा सात दिवस जुन्या नंबरावर कोड मागवता येतो. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं आणि ‘नंबरच बदललाय’ म्हणून ते पहिल्याच पायरीवर हात टेकतात. ते सात दिवस संपायच्या आत खातं सुटलं पाहिजे.

दुसरी शक्यता जास्त गोंधळात टाकणारी. गूगल खातं नीट उघडतं, जीमेल दिसते, पण यूट्यूबवर गेलं की चॅनलच नाही. याचा अर्थ खातं शाबूत आहे, चॅनलच्या मालकीतून ताईंना काढून टाकलं. ब्रँड अकाउंटवरच्या चॅनलचे मालक अनेक असू शकतात आणि त्यांत एक मुख्य मालक असतो. नव्यानं घातलेल्या मालकाला सात दिवस झाल्याशिवाय मुख्य मालक होता येत नाही. म्हणजे ज्या दिवशी ‘नवा मालक जोडला गेला’ अशी मेल येते, त्या दिवसापासून आठवडाभर ताई त्याला स्वतः काढू शकतात. ती मेल वाचली गेली नाही आणि आठवडा उलटला, तर मग `g.co/recover` वर शंभर वेळा जाऊनही उपयोग नाही, कारण खातं हरवलेलंच नाही. मग फक्त यूट्यूबची माणसंच चॅनल परत जोडू शकतात.

त्यांच्यापर्यंत पोचायचे रस्तेही दोनच आहेत. चॅनलला जाहिरातीचं उत्पन्न सुरू असेल, म्हणजे तो पार्टनर प्रोग्रॅममध्ये असेल, तर मदत केंद्रातून माणसाशी चॅट करता येतं. नसेल, तर एक्सवर `@TeamYouTube` ला लिहायचं. छोट्या चॅनलवाल्याला हे विचित्र वाटतं की आपली दाद मागायला दुसऱ्याच कंपनीच्या चावडीवर जावं लागतं. विचित्र आहेच, पण तसंच आहे. तिथं ‘हॅक’ हा शब्द लिहिला की काही मिनिटांत खाली प्रतिसाद येतात: अमुक इन्स्टाग्रामवरच्या भाईनं माझा चॅनल परत आणून दिला, त्याला मेसेज करा. हे सगळे दुसरे चोर. यूट्यूब चॅनल परत करायला पैसे मागत नाही, पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही. तुमच्या कागदावर हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत असावं, कारण पहिल्या चोरीत पैसे न गेलेल्या माणसाचे पैसे इथे जातात. आणि तेव्हा तो १९३० लावतो!

आता मालकीचा पुरावा. ताई तक्रार द्यायला येतात तेव्हा पिशवीत आधार कार्ड, गुमास्ता परवाना आणि आपल्या व्हिडिओचे फोटो असतात. चेहरा तर माझाच दिसतोय ना, असं त्या म्हणतात. बरोबर आहे, पण चॅनल आधार दाखवून उघडला नव्हता. चॅनल कुणाचा हे ठरतं तीन गोष्टी एकमेकींना जुळतात का त्यावरून: चॅनलचा ओळख क्रमांक, ज्या ईमेलवर तो चालत होता तो पत्ता, आणि ज्या खात्यात त्याचा पैसा येत होता ते खातं.

ओळख क्रमांक म्हणजे `UC` नं सुरू होणारी चोवीस अक्षरांची ओळ. चोर चॅनलचं नाव बदलतो, फोटो बदलतो, `@` पुढचं नाव बदलतो. ही ओळ त्याला बदलता येत नाही. चॅनल शाबूत असताना ती `youtube.com/account_advanced` वर दिसते. चॅनल गेल्यावर शोधायची तर ज्यानं कधी चॅनलचा जुन्या पद्धतीचा दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवला असेल त्याच्याकडे `youtube.com/channel/` च्या पुढे ती सापडते. पोलीस ठाण्यातल्या जबाबात ‘ताईंचं किचन नावाचा चॅनल’ असं लिहिलं जातं. आज त्या नावाचा चॅनल जगात कुठेच नाही. आज त्याचं नाव टेस्ला लाइव्ह आहे. जबाबात ती चोवीस अक्षरं असतील, तरच तो जबाब गूगलला कळेल.

ईमेलच्या बाजूनं पुरावा म्हणजे गूगलनं त्या पत्त्यावर पाठवलेल्या मेल. चॅनल उघडल्याची, हजार सबस्क्रायबर झाल्याची, मालकी बदलल्याची, रात्रीच्या इशाऱ्याची. त्यांचा नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. मेल जशीच्या तशी, तिच्या आडव्यातिडव्या तांत्रिक शीर्षकासह उतरवून ठेवायची. जीमेलमध्ये ‘मूळ दाखवा’ म्हटलं की ती उतरवता येते.

पैशाच्या बाजूचा पुरावा सर्वांत भक्कम, असं माझं मत आहे. अॅडसेन्स खात्याला `pub-` नं सुरू होणारा क्रमांक असतो. पहिले दहा डॉलर जमले की गूगल पोस्टानं एक पिन पाठवतं आणि तो घरी आल्यावर पत्ता पक्का होतो. तो लिफाफा लोक फेकून देतात. तो, बँकेत जमा झालेल्या रकमेची नोंद आणि अॅडसेन्सच्या पावत्या, हे तीन कागद एका नावाचे असले की हा चॅनल कुणाच्या पोटाचा होता याबद्दल वाद उरत नाही. उत्पन्न सुरू न झालेल्या चॅनलकडे हे काही नसतं. त्यांनी फोनमधल्या मूळ चित्रफिती, न कापलेल्या, तारखेसह जपाव्यात. चोरानं व्हिडिओ उडवलेच आणि यूट्यूबला ते परत आणता आले नाहीत, तर पुन्हा चढवायलाही त्याच लागतात.

चॅनल नुसता चोरीला न जाता बंदच झाला, तर? हे वरचेवर होतं, आणि खरं तर यूट्यूबच्या दृष्टीनं ते बरोबरच असतं. चोराच्या लाइव्हला लोक तक्रार करतात, यंत्रणा फसवणुकीचा मजकूर म्हणून चॅनल बंद करते आणि ताईंना मेल येते की तुम्ही नियम मोडलेत. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अपील करण्याआधी गूगल खातं हातात आलेलं हवं. नाहीतर चॅनल परत आला तरी तो चोराच्याच हातात येतो. आणि दरम्यान, प्रेक्षक तुटू नयेत म्हणून, घाईनं दुसरा चॅनल उघडायचा नाही. बंदी चुकवण्यासाठी नवा चॅनल काढला असं समजून तोही जातो आणि अपीलही कमजोर होतं. अपिलाला चॅनल बंद झाल्यापासून वर्षभर मुदत असते, म्हणजे पहिल्याच रात्री रडतरडत लिहायची गरज नाही. चोरी किती वाजता झाली, इशारा किती वाजता आला, खातं कधी परत मिळालं, लाइव्ह आपण केलं नव्हतं, हे चार-पाच वाक्यांत, वेळेसह लिहिलं की पुरे. उत्तर नकारार्थी आलं तर यूट्यूबच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्याच्याही उत्तरानं समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे, `gac.gov.in` वर. २०२३ पासून ही सोय आहे. आमच्या धंद्यातल्या फार थोड्यांना तिचं नाव माहीत आहे.

आता तुमच्याकडे. पोलीस चॅनल परत मिळवून देऊ शकत नाहीत, हे तुमच्या माणसानं ताईंना पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगावं. ते ऐकायला कडू लागेल. पण ‘आम्ही बघतो’ एवढ्यावर विश्वास ठेवून माणूस घरी जातो आणि जुन्या नंबराचे ते सात दिवस हातचे जातात. तुम्ही जे करू शकता ते वेगळं आहे आणि तेही फक्त तुम्हीच करू शकता. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६-सी आणि ६६-डी, ओळख चोरणं आणि दुसऱ्याच्या नावानं फसवणं, ही दोन्ही इथे लागू पडतात. गुन्हा नोंदला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली गूगलकडून त्या रात्रीच्या लॉगिनच्या नोंदी मागवता येतात. २०२१ च्या नियमांनुसार तपास यंत्रणेनं कायदेशीर आदेशानं मागितलेली माहिती बहात्तर तासांच्या आत देणं कंपनीला बंधनकारक आहे. त्या आदेशात चॅनलचा क्रमांक, खात्याचा ईमेल आणि भारतीय वेळेतला नेमका कालावधी असेल तर उत्तर नेमकं येतं. ‘सदर चॅनलची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलं की पत्रव्यवहारच वाढतो.

गुन्हा नोंदवून घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते ताईंच्या बाजूचं आहे. त्यांच्या चॅनलवरचा क्यूआर पाहून नागपूरच्या किंवा नाशिकच्या कुणी पैसे पाठवले, तर त्याच्या तक्रारीत आरोपी म्हणून ताईंच्या चॅनलचाच पत्ता येणार. त्या वेळी ‘आमचा चॅनल अमुक वाजता चोरीला गेला होता’ हे सांगणारी वेळ-तारखेची पोच त्यांच्या हातात हवी. `cybercrime.gov.in` वर रात्रीच तक्रार केली तर ती पोच लगेच मिळते. त्या नमुन्यात व्यवहाराचा क्रमांक विचारणाऱ्या रकान्याइतकाच ठळक, चॅनलचा ओळख क्रमांक विचारणारा एक रकाना असावा.

शेवटची गोष्ट लॅपटॉपची, आणि इथे तुमचं आणि आमचं हित एकमेकांच्या विरुद्ध जातं. तुम्हाला तो पुरावा म्हणून जसाच्या तसा हवा असतो. चॅनलवाल्याला तो आजच स्वच्छ करून कामाला लावायचा असतो, कारण घरात दुसरा लॅपटॉप नाही आणि रविवारी एका लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय. जप्तीच्या भीतीनं माणूस तक्रारीआधीच तो फॉरमॅट करून टाकतो आणि ती मेल, ती फाइल, सगळं जातं. सायबर तपासात डिस्कची हुबेहूब प्रत काढून तिच्या हॅशची नोंद ठेवणं ही नेहमीची पद्धत आहे. तक्रारदार स्वतः लॅपटॉप घेऊन आला तर अशी प्रत काढून लॅपटॉप त्याला परत द्यावा, आणि किती दिवसांत परत देणार ते पोचेवर लिहून द्यावं. लोक फॉरमॅट न करता येतील. बेलापूरच्या आयुक्तालयापासून आमच्या वॉर्डातल्या ठाण्यापर्यंत सगळ्यांना हे एकाच परिपत्रकानं कळवता येईल. त्याचा मसुदा करायला आमच्यासारख्या काम करणाऱ्यांची मदत लागली, तर वाशीहून महापे लांब नाही.

आपला,
वाशीतला एक व्हिडिओ एडिटर